ठेवलेला सेल उतरतो कुठे?

आमच्या परभणीतील शेजाऱ्यांनी पाडव्याच्या दिवशी बॅटरीचे दोन चार्जिंगचे सेल रात्रभर चार्ज केले आणि पावसाळ्यात रात्री शेतावर जावे लागेल म्हणून लोखंडी कपाटात ठेवून दिले. मृग निघाला तेव्हा त्यांनी ते बॅटरीत घातले, तर उजेड मिणमिणता. दुकानदाराने पाहताक्षणी निकाल दिला की सेल डुप्लिकेट आहेत. ज्या साध्या अल्कलाइन सेलांवर त्यांची जुनी बॅटरी चालत असे, ते मात्र दोन-दोन वर्षे पडून राहूनही लख्ख पेटत, हे त्यांचे निरीक्षण अगदी बरोबर होते. दुकानदाराचा निष्कर्ष मात्र बरोबर नव्हता. सेल डुप्लिकेट असण्याची काहीच गरज नाही. चार्जिंगचे असे सेल निकेल-मेटल हायड्राइड प्रकारचे असतात, आणि तसला अस्सल सेलही त्या कपाटात असाच उतरला असता.

आधी किती उतरतो ते पाहू. जुन्या पद्धतीचा निकेल-मेटल हायड्राइड सेल साधारण २० अंश तापमानाला महिन्याकाठी आपल्या साठ्याचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक गमावतो, तर अल्कलाइन सेल वर्षाकाठी दोन-तीन टक्केच गमावतो. पेन्सिल सेलची क्षमता २५०० मिलिअँपिअर-तास धरली, तर महिन्याला ५०० मिलिअँपिअर-तास म्हणजे सतत ०.७ मिलिअँपिअरची गळती झाली. भिंतीवरचे घड्याळ त्याच आकाराच्या एका अल्कलाइन सेलवर वर्षभर चालते असे मानले, तर ते सरासरी ०.३ मिलिअँपिअरही घेत नाही. म्हणजे कपाटात निपचित पडलेला सेल, चालत्या घड्याळाच्या दुपटीहून अधिक वीज स्वतःच खात असतो.

ही वीज जाते कुठे? बाहेर तार जोडलेली नसताना इलेक्ट्रॉन ऋण बाजूकडून धन बाजूकडे जाऊ शकत नाहीत, असे आपण शाळेत शिकलो आहोत, आणि ते खरेच आहे. पण इलेक्ट्रॉन एकटे जाऊ शकत नसले तरी एखाद्या रेणूच्या पाठीवर बसून आतल्या आत जाऊ शकतात. सेलच्या आत दोन पट्ट्यांची गुंडाळी असते. ऋण पट्टीवर हायड्रोजन शोषून घेणारा मिश्रधातू असतो आणि धन पट्टीवर निकेल ऑक्सिहायड्रॉक्साइड. दोन्हींच्या मध्ये कापडासारखा पातळ सच्छिद्र पडदा असतो, ज्याला सेपरेटर म्हणतात, आणि हे सगळे पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या तीव्र द्रावणात भिजलेले असते. पडद्यातून इलेक्ट्रॉन जात नाहीत. विरघळलेले लहान रेणू आणि वायू मात्र सहज जातात.

अल्कलाइन सेलशी तुलना करताना एक गोष्ट प्रथमदर्शनी उलटी वाटते. अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा, निकेलचा १.२ व्होल्टचा, मग जास्त दाबाचा सेल जास्त गळायला हवा. परंतु व्होल्ट हा दोन टोकांमधला फरक आहे, आणि गळतीसाठी महत्त्वाचे असते ते प्रत्येक टोक पाण्याच्या तुलनेत कोठे उभे आहे. निकेलचे धन टोक, ज्या पातळीवर पाण्यातून ऑक्सिजन सुटू लागतो त्या पातळीच्या सुमारे ०.१ व्होल्ट वर बसलेले असते. म्हणून ते स्वतःच पाण्याशी हळूहळू अभिक्रिया करून ऑक्सिजन सोडते आणि तेवढे उतरते. अल्कलाइन सेलमधील मँगनीज डायऑक्साइड त्या पातळीच्या खाली असल्यामुळे त्याला हा त्रास नाही. ऋण बाजूला जस्त मात्र खरोखर बेभरवशाचे आहे. हिशेबाने त्याने पाण्यातून जोराने हायड्रोजन बाहेर काढायला हवा. तसे होत नाही, कारण जस्ताच्या पृष्ठभागावर हायड्रोजन तयार होण्याची क्रिया कमालीची मंद आहे. पूर्वी त्यात पारा मिसळून ती आणखी मंद करत, आता पाऱ्याऐवजी इंडियम, बिस्मथ यांसारखे धातू अल्प प्रमाणात घालतात. हायड्राइड मिश्रधातूला असा आळशीपणा परवडत नाही, कारण हायड्रोजन झटपट घेणे आणि झटपट सोडणे हेच तर त्याचे काम आहे. त्यामुळे सेलमध्ये थोडा मोकळा हायड्रोजन नेहमीच असतो आणि तो पडद्यातून धन बाजूला पोहोचून तिला उतरवतो.

पण मला सर्वांत मोहक वाटते ती तिसरी वाट, आणि जुन्या सेलांच्या गळतीत तिचा वाटा मोठा होता. पूर्वी पडदा नायलॉनचा असे. नायलॉनच्या साखळीत नायट्रोजन असतो, आणि तीव्र अल्कलीत, विशेषतः उष्णतेत, ती साखळी ठिकठिकाणी तुटून अमोनियासारखी नायट्रोजनयुक्त संयुगे द्रावणात उतरतात. धन पट्टी बनवताना वापरलेल्या निकेल नायट्रेटचा अंशही मागे राहू शकतो. हा अमोनिया धन बाजूला पोहोचला की निकेल ऑक्सिहायड्रॉक्साइडला सहा इलेक्ट्रॉन देऊन स्वतः नायट्राइट होतो. नायट्राइट पडद्यातून परत ऋण बाजूला जातो, तिथे हायड्राइडकडून सहा इलेक्ट्रॉन घेतो आणि पुन्हा अमोनिया होतो. समीकरणात मांडायचे तर असे, ज्यात M म्हणजे मिश्रधातू आणि MH म्हणजे हायड्रोजन शोषलेला मिश्रधातू:

```
6NiOOH + NH3 + H2O + OH⁻ → 6Ni(OH)2 + NO2⁻
6MH + NO2⁻ → 6M + NH3 + H2O + OH⁻
```

या दोन ओळींची बेरीज करून पाहावी. अमोनिया, नायट्राइट, पाणी, सगळे दोन्ही बाजूंनी कटते, आणि उरते ती नेमकी तीच अभिक्रिया, जी सेल बॅटरीचा दिवा पेटवताना करतो. फरक इतकाच की दिवा मध्ये नसतो. हे रहाटगाडगे आहे. प्रत्येक गाडगे खाली भरते, वर रिकामे होते आणि पुन्हा खाली जाते, पण गाडगे स्वतः संपत नाही. म्हणूनच अगदी थोडा अमोनिया पुरतो. महिन्याची ५०० मिलिअँपिअर-तास गळती एकट्या याच वाटेने झाली आणि प्रत्येक रेणूने एकच फेरी मारली असे धरले, तर सुमारे ५३ मिलिग्रॅम अमोनिया लागेल. तोच रेणू महिन्यात पन्नास फेऱ्या मारत असेल, तर जेमतेम एक मिलिग्रॅम पुरे, आणि अख्ख्या पेन्सिल सेलचे वजन असते तीस ग्रॅमच्या आसपास. कारखान्यात कितीही स्वच्छता पाळली तरी एवढा अंश नायलॉनच्या पडद्यातूनच पुरवला जाणार असेल, तर उपाय पडद्यातच शोधावा लागतो.

कमी गळतीच्या सेलांनी नेमके तेच केले. असे सेल जपानच्या सान्यो कंपनीने २००५ साली एनलूप या नावाने बाजारात आणले आणि वर्षभर ठेवूनही ८५ टक्के साठा शिल्लक राहील असे सांगितले. यांचा पडदा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. त्यात नायट्रोजन नाही, म्हणून अमोनियाचा स्रोत बंद. पण पॉलिप्रॉपिलीन पाण्याला जुमानत नाही, द्रावण त्यावर पसरतच नाही; म्हणून त्याच्या पृष्ठभागावर सल्फोनिक आम्लाचे गट जोडतात. त्यामुळे तो भिजतो, आणि वर इतर ठिकाणाहून आलेला अमोनियाही या गटांकडून अडवला जातो. एका प्रक्रियेत दोन कामे साधणारी ही युक्ती मला या सगळ्या तंत्रज्ञानातील सर्वांत देखणी वाटते. याखेरीज मिश्रधातूही बदलला. जुन्या मिश्रधातूतून मँगनीज आणि कोबाल्ट झिजून द्रावणात उतरत, पडद्यात साचत आणि दोन पट्ट्यांमध्ये सूक्ष्म वाहक वाटा तयार करत. नव्या, मॅग्नेशियमयुक्त मिश्रधातूत हे धातू कमी किंवा अजिबात नसतात. धन पट्टीतही ऑक्सिजन सुटणे अवघड व्हावे म्हणून भर घातली जाते.

याची किंमत क्षमतेत मोजावी लागते. जुन्या पद्धतीचा पेन्सिल सेल २५०० ते २७०० मिलिअँपिअर-तासांचा मिळतो, तर कमी गळतीचा साधारण २००० चा. (वेष्टनावर ४६०० छापलेला पेन्सिल सेल दिसला तर दुकानदाराचा ‘डुप्लिकेट’ हा शब्द तिथे खुशाल वापरावा, त्या आकारात तेवढे पदार्थ मावतच नाहीत.) पण २००० पैकी वर्षाला ३०० गेले, तर गळती होते ०.०३४ मिलिअँपिअर, म्हणजे आधीच्या वीसपट कमी.

आता शेजाऱ्यांच्या कपाटाकडे परत येऊ. वरचे सगळे आकडे २० अंशांचे आहेत, आणि आपल्याकडे चैत्र-वैशाखात वीस अंश कुठले? पत्र्याच्या खोलीत रात्र-दिवसाची सरासरी ३५ धरू. अशा रासायनिक क्रियांचा वेग दर दहा अंशांना ढोबळमानाने दुप्पट होतो. पंधरा अंशांसाठी तो सुमारे २.८ पट झाला. पाडवा ते मृग म्हणजे जवळपास पंचाहत्तर दिवस, अडीच महिने. पण सेलच्या लेखी ते सात महिने. दर महिन्याला उरलेल्यातला पाचवा हिस्सा वजा करत गेल्यास सात महिन्यांनी शंभरातले वीस-एकवीस उरतात. बॅटरी मिणमिणली यात नवल नाही. त्याच कपाटात कमी गळतीचा सेल असता तर याच हिशेबाने त्यात ९० टक्क्यांच्या आसपास साठा उरला असता.

उतरलेले सेल उन्हात वाळत घालण्याची रीत अजून घरोघरी आहे. जुन्या साध्या सेलांना ऊब मिळाल्यावर ते काही मिनिटे बरे चालत, त्यातून ही समजूत रुजली. उन्हातून सेलात वीज भरली जात नाही. चार्ज केलेला निकेलचा सेल उन्हात ठेवणे म्हणजे तर त्याचे रहाटगाडगे जोराने फिरवणे होय.

सेल किती गळतो हे व्होल्टमीटरने कळत नाही, कारण निकेलच्या सेलचे व्होल्ट अर्धा रिकामा होईपर्यंतही १.२ च्या आसपासच रेंगाळतात. मिलिअँपिअर-तास दाखवणारा चार्जर मिळाला तर सेल पूर्ण भरून लगेच उतरवावा आणि आकडा लिहून ठेवावा; मग पुन्हा भरून तीस दिवस कपाटात ठेवावा आणि पुन्हा उतरवून दुसरा आकडा घ्यावा. हिवाळ्यात केलेल्या या चाचणीत २००० चे १९५० च्या वर आले, तर सेल वेष्टनावर लिहिल्याप्रमाणे कमी गळतीचा आहे. १६०० च्या खाली आले, तर तो एक तर जुन्या पद्धतीचा आहे, किंवा इतका वापरला गेला आहे की मिश्रधातू झिजून पडद्यात वाहक वाटा तयार झाल्या आहेत; कमी गळतीचे सेलही म्हातारपणी असे गळू लागतात. शेजाऱ्यांच्या दोन सेलांना मी तूर्त उपयोग शोधून दिला आहे. ज्या रात्री पाण्याची पाळी असेल त्याच दिवशी दुपारी ते चार्ज होतात, आणि कपाटातल्या राखीव बॅटरीत साधे अल्कलाइन सेल आहेत.