आमच्या दुकानात आता यूपीआयनेही पैसे भरता येतील : ज्येष्ठ ग्राहकांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि रीत

सांगलीत विश्रामबाग परिसरातील आमच्या किराणा दुकानात येत्या १ तारखेपासून रोख रकमेबरोबरच यूपीआयने, म्हणजे मोबाइलवरून थेट बँक खात्यातून, बिलाचे पैसे स्वीकारले जातील. रोख व्यवहार बंद होणार नाही आणि महिन्याच्या वहीवर माल नेणाऱ्यांची वहीही पूर्वीप्रमाणेच चालू राहील. वहीची बाकी मात्र ज्यांना हवी त्यांना यापुढे यूपीआयने चुकती करता येईल. यासाठी ग्राहकाकडून एक रुपयाही जादा घेतला जाणार नाही, कारण बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर १ जानेवारी २०२० पासून दुकानदारालाही शुल्क पडत नाही. दहा रुपयांच्या जिऱ्याच्या पुडीसाठीही यूपीआय चालेल, त्यामुळे सुट्ट्या पैशांऐवजी चॉकलेट हातावर ठेवण्याची आमची जुनी खोडही, ज्यांना ती खटकत होती त्यांच्यापुरती तरी, संपेल.

गेले काही दिवस आमच्या ज्येष्ठ ग्राहकांशी बोलताना असे लक्षात आले की, दुकानात कोड स्कॅन करून पैसे भरणे हा यातला सोपा भाग आहे, अडचण येते ती त्याच्या आधी, घरी किंवा बँकेत. म्हणून ती तयारी आधी सविस्तर सांगतो.

पात्रतेसाठी वयाची अट नाही. आपले बचत किंवा पेन्शनचे खाते यूपीआय सेवा देणाऱ्या बँकेत असावे, ते चालू स्थितीत असावे, आणि त्या खात्याला जो मोबाइल क्रमांक जोडलेला आहे त्याच क्रमांकाचे सिमकार्ड आपल्या हातातल्या फोनमध्ये असावे. तिसऱ्या अटीवरच बहुतेकांचे अडते. खाते उघडताना किंवा पेन्शनची कागदपत्रे करताना अनेकांनी मुलाचा किंवा सुनेचा क्रमांक दिलेला असतो. मुलगा पुण्याला असतो आणि बँकेचे सगळे संदेश त्याच्याकडे जात असतात. अशा वेळी आपल्या फोनवर यूपीआयचे अ‍ॅप कितीही वेळा उतरवले तरी ते खाते शोधून देणार नाही, कारण नोंदणी करताना अ‍ॅप आपल्या फोनमधून एक एसएमएस आपोआप पाठवते आणि तो ज्या क्रमांकावरून निघाला त्याच क्रमांकाला जोडलेली खाती दाखवते.

आपल्या खात्याला कोणता क्रमांक जोडलेला आहे हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे पेन्शन जमा झाल्याचा किंवा पैसे काढल्याचा बँकेचा संदेश कोणाच्या फोनवर येतो ते पाहणे. तो दुसऱ्याच्या फोनवर येत असेल, तर पासबुक, आधार कार्डाची मूळ प्रत व झेरॉक्स आणि आपला स्वतःचा फोन घेऊन खाते असलेल्या शाखेत जावे आणि मोबाइल क्रमांक बदलण्याचा अर्ज भरून द्यावा. अर्जावरची सही बँकेकडच्या नमुन्याशी जुळावी लागते. हात थरथरत असल्यामुळे सही बदलली असेल, तर तसे आधीच काउंटरवर सांगितल्यास दुसरा हेलपाटा वाचतो. बराच काळ वापर नसल्याने खाते निष्क्रिय झाले असेल, तर त्याच फेरीत केवायसीची कागदपत्रेही द्यावीत. पती-पत्नीच्या संयुक्त खात्याबाबत एक गोष्ट विचारून घ्यावी. ‘दोघांपैकी कोणीही एक किंवा हयात असलेला’ अशा पद्धतीने खाते चालत असेल तर यूपीआय मिळते. दोघांच्याही सह्या लागणाऱ्या खात्यावर ते सहसा मिळत नाही.

क्रमांक जोडलेला असूनही नोंदणी अडकत असेल, तर दोन साधी कारणे आधी तपासावीत. रिचार्ज संपल्यामुळे किंवा केवळ येणाऱ्या कॉलपुरते सिम चालू ठेवल्यामुळे वर सांगितलेला एसएमएस बाहेरच जात नाही, हे एक. आणि दोन सिमच्या फोनमध्ये अ‍ॅपने विचारल्यावर चुकीचे सिम निवडले गेले, हे दुसरे. बाकी कारणे विरळ असतात आणि ती बँकेतच कळतात.

यानंतर यूपीआय पिन ठरवायचा असतो. तो चार किंवा सहा अंकी असतो आणि एटीएमच्या पिनपेक्षा वेगळा असतो. तो ठरवताना डेबिट कार्डावरील शेवटचे सहा अंक व कार्डाच्या मुदतीचा महिना-वर्ष भरावे लागते आणि फोनवर आलेला ओटीपी द्यावा लागतो. डेबिट कार्ड नसेल, तर अनेक बँकांत आधारच्या ओटीपीवरही पिन ठरवता येतो, मात्र त्यासाठी बँकेला जोडलेला क्रमांकच आधारलाही जोडलेला असावा लागतो. हे काम आम्ही दुकानात करून देणार नाही, आणि कोणी ‘द्या इकडे, मी करून देतो’ म्हणाले तरी तेथे करू नये, अशी विनंती आहे. कार्डाचे अंक, ओटीपी आणि नवा पिन हे तिन्ही एकाच वेळी पडद्यावर येतात, आणि गल्ल्यापाशी मागे चार माणसे उभी असतात. हे काम घरच्या विश्वासाच्या माणसासमोर किंवा शाखेतच व्हावे.

नव्याने नोंदणी केलेल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. पहिल्या २४ तासांत एकूण ५,००० रुपयांपर्यंतच रक्कम पाठवता येते. सणाच्या महिन्यात यादी मोठी असेल, तर नोंदणी एक-दोन दिवस आधी करावी. त्यानंतर साधारण मर्यादा दिवसाला १ लाख रुपयांची आहे. काही बँका ती कमी ठेवतात, पण वाणसामानाच्या बिलाला ती आड येणार नाही.

आता दुकानातली रीत. बिल आधी कागदावर मिळेल. ते वाचून, वजने आणि भाव पटल्यावरच फोन हातात घ्यावा. अ‍ॅप उघडून स्कॅनच्या खुणेवर बोट ठेवावे आणि फोन गल्ल्यावरील कोडसमोर वीतभर अंतरावर स्थिर धरावा. हात हलत असेल तर कोपर गल्ल्यावर टेकवावे, कोड लगेच वाचला जातो. मग पडद्यावर एक नाव येते. ते दुकानाच्या पाटीवरचे नाव नसेल, बँकेत खाते ज्या नावाने आहे ते असेल, म्हणून गोंधळ होऊ नये यासाठी तेच नाव आम्ही कोडच्या वर ठळक अक्षरांत लिहून चिकटवले आहे. दोन्ही नावे अक्षरन् अक्षर जुळल्याशिवाय पुढे जाऊ नये. दुकानांच्या कोडवर रात्रीतून दुसराच कोड चिकटवल्याचे प्रकार घडतात आणि ते उघडकीस येतात ते केवळ या नावावरून.

नाव जुळल्यावर रक्कम टाकावी आणि ती आमच्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवावी. ४८५ च्या जागी ४,८५० पडणे ही सर्वांत जास्त होणारी गडबड आहे. पिन मात्र मोठ्याने म्हणू नये. आमच्याकडे येणाऱ्या एक आजी प्रत्येक अंक म्हणत म्हणत दाबतात, कारण शाळेत पाढे तसेच पाठ केले. त्यांना आम्ही गल्ल्याच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून उभे राहायला सांगणार आहोत. पिन दिल्यावर गल्ल्यावरील साउंड बॉक्स मराठीतून रक्कम सांगेल. तो बोलला की व्यवहार पूर्ण झाला. फोनवरील हिरवी खूण आम्हाला वेगळी दाखवण्याची गरज नाही.

आणि तो बोललाच नाही तर? समजा, सोमवारी सकाळी १,८४० रुपयांचे बिल भरताना पडद्यावरील चक्र फिरत राहिले, साउंड बॉक्स गप्प राहिला आणि तेवढ्यात खात्यातून १,८४० रुपये गेल्याचा बँकेचा संदेश आला. अशा वेळी लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत. अ‍ॅपमधील व्यवहारांच्या यादीत तो व्यवहार उघडावा. तेथे ‘अयशस्वी’ असे दिसत असेल आणि पैसे कापल्याचा संदेशही नसेल, तर पुन्हा भरण्यास हरकत नाही. ‘प्रलंबित’ दिसत असेल, तर त्याखालचा १२ अंकी संदर्भ क्रमांक आम्ही आमच्या वहीत आपले नाव, रक्कम व वेळ यांसह लिहून घेऊ आणि नेहमीच्या ग्राहकांनी माल घेऊन जावा. यापुढे दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर रक्कम उशिरा आमच्या खात्यात जमा होते, आणि मग आम्ही ती नोंद खोडून आपल्याला फोन करतो. नाही तर ती आपल्या खात्यात परत येते, आणि मग बिल आपण सवडीने चुकते करावे.

रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार दुकानदाराला पोहोच न मिळालेली अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत आपोआप परत जमा व्हावी लागते. म्हणजे वरच्या उदाहरणात शनिवारपर्यंत. त्यापुढे होणाऱ्या विलंबासाठी बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. शनिवार उलटूनही पैसे आले नाहीत, तर अ‍ॅपमध्ये त्याच व्यवहाराखाली तक्रार नोंदवावी आणि शाखेत लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर विनाशुल्क तक्रार करता येते. शाखेच्या पोचपावतीवरची तारीख तेथे कामी येते.

माल परत केल्यास त्याचे पैसे आम्ही गल्ल्यातून रोख देऊ किंवा आमच्या बाजूने आपल्या खात्यात पाठवू. त्यासाठी आपल्याला काहीही दाबावे लागत नाही. यूपीआय पिन फक्त दोन कारणांसाठी लागतो, पैसे देताना आणि स्वतःची शिल्लक पाहताना. पैसे घेताना तो कधीच लागत नाही. आमच्या दुकानातून कोणीही फोन करून पिन किंवा ओटीपी विचारणार नाही. दुकानाचे नाव सांगून ‘परतावा घ्यायला पिन टाका’ असा फोन आलाच, तर तो ठेवून द्यावा. पैसे गेलेच असतील, तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या सरकारी मदत क्रमांकावर आणि लगोलग बँकेला कळवावे. पिन आपणच सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपल्याच माथी राहते.

ज्यांना बँक खाते जोडण्याचीच धास्ती वाटते, त्यांच्यासाठी यूपीआय सर्कल ही सोय आम्हाला अधिक बरी वाटते. यात मुलगा किंवा मुलगी स्वतःच्या खात्यातून आई-वडिलांना खर्चाची परवानगी देते. एका व्यवहारास ५,००० आणि महिन्यास १५,००० रुपयांच्या आत कितीही मर्यादा ठरवता येते, किंवा प्रत्येक वेळी मंजुरीचा निरोप मुलाच्या फोनवर जाईल असेही ठेवता येते. दुसऱ्या प्रकारात मुलगा कामात असेल तर आपल्याला गल्ल्यापाशी थांबावे लागेल, एवढे लक्षात असू द्यावे. ही सोय सर्व अ‍ॅपमध्ये व सर्व बँकांत सारखी नाही, म्हणून आधी मुलाच्या अ‍ॅपमध्ये ती आहे का ते पाहून घ्यावे.

पहिल्यांदा यूपीआयने पैसे भरणाऱ्या ज्येष्ठांनी शक्यतो दुपारी ३ ते ५ या वेळेत, फोन पुरेसा चार्ज करून आणि चष्मा आठवणीने घेऊन यावे. त्या वेळी गल्ल्यावर एक माणूस केवळ यासाठी असेल आणि पहिला व्यवहार १० रुपयांचाच करून पाहता येईल. फोन मात्र आपल्याच हातात राहील. आमचा माणूस बोटाने दाखवील, पण पडद्याला हात लावणार नाही.