न्यूटन पद्धत आणि ऋण वक्रतेचा प्रश्न: पार्श्वभूमी

न्यूटन पद्धत मुळात किमान शोधण्यासाठी जन्मलेलीच नाही. सतराव्या शतकात ती बहुपदी समीकरणांची मुळे काढण्यासाठी आली. १७४० मध्ये ती कलनाच्या भाषेत मांडली गेली आणि ग्रेडियंट, म्हणजे फलनाचा प्रत्येक दिशेतला उतार, शून्य करण्यासाठीही वापरली गेली. पुढच्या सगळ्या गुंत्याचे बीज इथे आहे. ग्रेडियंट किमान बिंदूवर शून्य असतो, तसाच कमाल बिंदूवर आणि एका दिशेने खळगा तर दुसरीने उंचवटा असलेल्या सॅडल पॉइंटवरही असतो. मुळे शोधणाऱ्या पद्धतीला या तिघांत फरक करण्याचे कारणच नसते.

किमानाजवळ मात्र तिची कामगिरी वादातीत आहे. f(x, y) = x⁴/4 − x²/2 + y²/2 हे फलन घ्या. त्याचे किमान (±1, 0) इथे आहेत आणि (0, 0) सॅडल पॉइंट आहे. हेसियन, म्हणजे दुसऱ्या अवकलजांचा मॅट्रिक्स, कर्णरूप आहे: 3x² − 1 आणि 1. न्यूटनचे पाऊल म्हणजे ग्रेडियंटला हेसियनने भागून उलट दिशेने जाणे. x = १.२ पासून निघालो, तर १ पासूनची चूक ०.२ वरून ०.०४१, मग ०.००२३, मग ०.०००००७९ अशी घसरते. प्रत्येक चूक आधीच्या चुकीच्या वर्गाच्या साधारण दीडपट, म्हणजे बरोबर अंकांची संख्या दर पावलाला जवळपास दुप्पट. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या वर्गगतीची हमी कोणत्या अटींवर मिळते हे नीट सिद्ध झाले होते. पण ती हमी किमानाच्या शेजारापुरतीच आहे, आणि तो शेजार किती मोठा हे आधी कळत नाही.

आता (०.३, १) पासून निघा. तिथे हेसियनची आयगेनमूल्ये −०.७३ आणि १, म्हणजे तो इनडेफिनिट: एका दिशेत वक्रता ऋण, दुसरीत धन. न्यूटनचे पाऊल x ला −०.०७४ वर नेते, पुढचे ०.०००८ वर. y पहिल्याच पावलात शून्य होतो. ग्रेडियंट झपाट्याने विरतो, प्रोग्राम ‘उत्तर मिळाले’ म्हणून थांबतो, आणि आपण सॅडलवर असतो. दुसऱ्या पावलात तर f किंचित वाढलेही: −०.००२७ वरून जवळपास शून्यावर. ऋण आयगेनमूल्याने भागल्यामुळे त्या दिशेतले पाऊल उताराऐवजी चढाकडे वळते. म्हणून थांबताना फक्त ग्रेडियंट न पाहता हेसियनचे सर्वांत लहान आयगेनमूल्यही तपासावे लागते.

१९५९ नंतर पुढे आलेल्या क्वासी-न्यूटन पद्धतींनी हा प्रश्न बराचसा टाळला: खरा हेसियन काढायचाच नाही, त्याचा पॉझिटिव्ह डेफिनिट, म्हणजे सगळी आयगेनमूल्ये धन असलेला, अंदाज जवळ ठेवायचा. ज्यांना खरा हेसियन हवा होता त्यांच्यात मात्र ऋण आयगेनमूल्यांचे करायचे काय यावर दोन मते पडली.

एक मत: चिन्ह उलटवा, म्हणजे λ च्या जागी |λ| घ्या. १९६७ मध्ये हा मार्ग छापून आला. आपल्या उदाहरणात −०.७३ चे ०.७३ होते आणि x एका पावलात ०.६७४ वर, योग्य बाजूला जातो. y च्या दिशेला धक्का लागत नाही. दुसरे मत: हेसियनच्या कर्णात सगळीकडे एक धन संख्या τ मिळवा. लघुतम वर्गांच्या गणितांत १९४४ पासून असे होतच होते. इथे τ ची निवड अडचणीची ठरते. τ = ०.७४ घेतला तर x च्या दिशेत ०.०१ उरतो आणि पाऊल २७.३ इतके लांब पडते; τ = १.४६ घेतला तर x ठीक चालतो, पण y चे पाऊल १ ऐवजी ०.४१ होते.

यावरून चिन्ह उलटवणे सरस वाटते, आणि छोट्या प्रश्नांत ते आहेच. पण त्यासाठी पूर्ण आयगेन-विभाजन लागते, जे हेसियनचे त्रिकोणी मॅट्रिक्समध्ये तुकडे करणाऱ्या चोलेस्की विभाजनाच्या कित्येक पट महाग आहे. शिवाय चोलेस्कीत पिव्हट ऋण किंवा शून्य निघाला की हेसियन पॉझिटिव्ह डेफिनिट नाही हे फुकटात कळते. १९७० च्या दशकात त्यामुळे असे पिव्हट वाढवून धन करणारी सुधारित चोलेस्की रुळली. पाठोपाठ ट्रस्ट रीजनने τ ला अर्थ दिला: पावलाच्या लांबीवर मर्यादा घाला, τ तिच्यातूनच ठरतो. अंदाजाने τ लावण्यापेक्षा हे कितीतरी पटणारे आहे. उलटवण्याची कल्पना २०१४ च्या सुमारास न्यूरल नेटवर्कसाठी पुन्हा वर आली. तिथे पूर्ण हेसियन परवडत नाही, म्हणून ती मोजक्या दिशांपुरती वापरली गेली.

चिन्ह सुधारल्याने सगळे भागत नाही. ०.६७४ वर हेसियन पॉझिटिव्ह डेफिनिट आहे, तरी पूर्ण पाऊल १.६८८ वर नेते आणि f −०.१७६ वरून ०.६०५ वर चढते. पाऊल निम्मे केले की x = १.१८ आणि f = −०.२११. पावलाची लांबी अशी तपासून ठरवणारा लाइन सर्च म्हणूनच लागतो. आणि सुरुवातच नेमकी x = ० वर झाली तर त्या दिशेत ग्रेडियंटच शून्य असतो; |λ| घ्या की τ मिळवा, x हलत नाही. तिथे ऋण आयगेनमूल्याचा आयगेनव्हेक्टर वेगळा काढून त्या दिशेने ढकलावे लागते.