किरचॉफच्या तारांपासून मोड्युलो २ पर्यंत: सायकल स्पेसचं डायमेन्शन आलं कुठून

ग्राफ थिअरीच्या पुस्तकात सायकल स्पेसच्या डायमेन्शनचा `m - n + 1` हा फॉर्म्युला एका ओळीत येतो नि संपतो, पण तो मुळात ग्राफवाल्यांचा नाहीच, तो वीजवाल्यांचा आहे. किरचॉफने १८४५ मध्ये सर्किटचे दोन नियम मांडले, तेव्हा तो विद्यार्थीच होता. नियम सोपे, पण मोठ्या सर्किटमध्ये बंद लूप ढिगाने सापडतात आणि प्रत्येक लूपचं एक समीकरण लिहीत बसलं तर त्यातली बरीचशी आधीच्याच समीकरणांची बेरीज-वजाबाकी निघतात. मग खरोखर वेगळी समीकरणं किती? याचं उत्तर त्याने १८४७ च्या पेपरमध्ये दिलं. एकही बंद लूप उरू नये म्हणून कमीत कमी जितक्या तारा काढाव्या लागतील, तितकीच. एकसंध सर्किटमध्ये m तारा नि n जोड असतील तर तो आकडा `m - n + 1`.

तारा काढल्यावर जे उरतं तेच आपलं स्पॅनिंग ट्री, फक्त ‘ट्री’ हे नाव केलीने नंतर, १८५७ मध्ये वापरलं.

व्हीटस्टन ब्रिज घ्या. चार जोड अ, ब, क, ड, आणि सहा तारा: चार रेझिस्टन्स, एक गॅल्व्हनोमीटरची, एक बॅटरीची. म्हणजे प्रत्येक जोड बाकी तिन्हींना जोडलेला. अ पासून निघणाऱ्या तीन तारा अब, अक, अड ठेवल्या की ट्री झालं, बाहेर राहिल्या बक, कड, बड. यातली एकेक तार ट्रीमध्ये परत टाकली की दर वेळी बरोब्बर एकच लूप तयार होतो: अबक, अकड, अबड. ह्याच फंडामेंटल सायकल्स, आणि त्या तीन, कारण ६ − ४ + १ = ३.

किरचॉफला करंटची दिशा लागायची, त्यामुळे त्याच्याकडे अधिक-उणे चिन्हं होती. पॉइनकारेने जोडणीचे मॅट्रिक्स बनवले त्यातही चिन्हं होतीच. चिन्हं टाकून द्यायचं काम व्हेब्लेनने १९१२ मध्ये केलं, सगळं मोड्युलो २, म्हणजे एज, म्हणजेच तार, आहे किंवा नाही, १ किंवा ०, आणि १ + १ = ० असल्यामुळे दोन सायकल्समध्ये कॉमन असलेली एज बेरजेत उडून जाते. अबक अधिक अकड केलं की अक उडते नि अबकड हा चौकोन मिळतो. तिन्ही त्रिकोणांची बेरीज केली तर ट्रीच्या तिन्ही तारा दोन-दोनदा येऊन जातात आणि बकड उरतो. तीन सायकल्स, प्रत्येक घ्यायची किंवा नाही, म्हणजे २³ = ८ बेरजा, ह्या सगळ्या मिळून सायकल स्पेस, त्यातली एक रिकामी, उरलेल्या सात म्हणजे ब्रिजमधले चार त्रिकोण नि तीन चौकोन, संपलं. (दर वेळी इतकं नीटनेटकं नसतं हां, एकाच टोकाला, म्हणजे जोडाला, चिकटलेले दोन त्रिकोण घेतले तर त्यांची बेरीज आठच्या आकड्यासारखी येते, ती स्पेसमध्ये आहे पण ती एक सायकल नाही.)

या ० नि १ च्या जगात प्रूफही छोटं होतं. ट्रीबाहेरची प्रत्येक एज फक्त स्वतःच्याच फंडामेंटल सायकलमध्ये असते, त्यामुळे त्या कुणीही बाकीच्यांच्या बेरजेतून येऊ शकत नाहीत. उलट बाजूने, स्पेसमधला कुठलाही एज-सेट घ्या, म्हणजे ज्यात प्रत्येक टोकाशी सम संख्येने एजेस येतात असा, त्यातल्या ट्रीबाहेरच्या एजेसच्या फंडामेंटल सायकल्स त्यात मिळवा, आता फक्त ट्रीतल्या एजेस उरतील आणि प्रत्येक टोकाशी त्या समच असतील. पण ट्रीच्या एजेसचा रिकामा नसलेला कुठलाही तुकडा घेतला तरी त्याला कुठेतरी एकच एज असलेलं टोक असतंच, म्हणून उरलेलं रिकामंच. ग्राफ तुटक असेल तर दर तुकड्याला वेगळं ट्री लागतं, मग १ च्या जागी तुकड्यांची संख्या.

चिन्हांसहित मोजा नाहीतर मोड्युलो २, डायमेन्शन तेच येतं, म्हणून बरेच जण दोन्ही एकच समजून चालतात. तिथेच फसायला होतं. ब्रिजमधले तीन चौकोन बेसिस म्हणून उचलून बघा, तीन हवेत आणि तीन आहेत. पण प्रत्येक चौकोनात समोरासमोरच्या दोन तारा नसतात, म्हणजे प्रत्येक तार बरोब्बर दोन चौकोनांत येते, त्यामुळे मोड्युलो २ मध्ये तिघांची बेरीज शून्य आणि बेसिस गेलं. आणि गंमत म्हणजे किरचॉफला हेच तीन चौकोन चालले असते, कारण दिशा धरून बक, कड, बड या तारांचे सहगुणक मांडले तर डिटर्मिनंट −२ येतो (दिशा उलटी धरली तर +२), जो साध्या आकड्यांत शून्य नाही पण मोड्युलो २ मध्ये शून्य आहे. ट्रीवरून काढलेल्या सायकल्सना ही भानगड नाही, तिथे ट्रीबाहेरच्या तारांचा मॅट्रिक्स सरळ आयडेंटिटीच असतो, मग फील्ड कुठलंही घ्या.