अध्यापन-भूमिकेच्या निवेदनाचे परीक्षण

महाविद्यालयात किंवा विद्यापीठात प्राध्यापकपदासाठी अर्ज करताना उमेदवाराने आपण कसे शिकवतो आणि तसे का शिकवतो हे सांगणारे एक-दोन पानांचे टिपण जोडायचे असते. बोलीत त्याला ‘टीचिंग स्टेटमेंट’ किंवा ‘टीचिंग फिलॉसॉफी’ म्हणतात. ही प्रथा उत्तर अमेरिकेतून आली. नॅन्सी चिझम यांनी 1998 साली अशा निवेदनात काय असावे याची मांडणी केली आणि ती पुढे बरीच वापरली गेली. भारतात राष्ट्रीय पातळीवरच्या काही संस्था आणि परदेशी विद्यापीठे असे टिपण मागतात. साध्या अनुदानित महाविद्यालयाच्या मुलाखतीत मात्र ते सहसा लागत नाही. त्यामुळे नागपुरातल्या अनेक अध्यापकांना हा प्रकार पहिल्यांदा भेटतो तो अर्जाची मुदत आठवड्यावर आलेली असताना, आणि मग मसुदा ओळखीच्या ज्येष्ठ अध्यापकाकडे ‘सर, एकदा नजर टाका’ म्हणून जातो. ती नजर कशी टाकावी, विशेषतः प्रचलित शब्दांच्या जागी वर्गात घडलेली गोष्ट कशी आणावी, हा या नोंदीचा विषय आहे.

हे प्रचलित शब्द येतात कुठून, ते कळले की परीक्षकाचा राग कमी होतो. महाविद्यालयाचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या निकषांत, अध्ययन-अध्यापनाच्या भागात, विद्यार्थीकेंद्रित पद्धती, अनुभवाधारित अध्ययन, सहभागी अध्ययन आणि समस्या-निराकरण हे शब्द जवळपास ओळीने येतात. जो अध्यापक पाच वर्षे गुणवत्ता कक्षाच्या फायली भरतो, त्याच्या बोटांना ते शब्द आपोआप येतात. त्यात 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची भर पडली आहे: समग्र, बहुविद्याशाखीय, चिकित्सक विचार. फाईलमध्ये हे शब्द चुकीचे नसतात, कारण तिथे त्यांच्याशेजारी छायाचित्रे आणि हजेरीपट जोडलेले असतात. निवेदनात शेजारी काहीच नसते.

परीक्षणाची पहिली फेरी नाव आणि विषय झाकून करतात. प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा: हेच वाक्य संस्कृतच्या, वाणिज्याच्या किंवा शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकाला जसेच्या तसे लिहिता येईल का? येत असेल तर त्याखाली रेघ. खोडायचे नाही, फक्त रेघ. खोडले की लेखक बचावाला उभा राहतो आणि पुढचे संभाषण बिघडते.

उदाहरणासाठी एक रचलेले प्रकरण घेऊ. नागपूरच्या एका महाविद्यालयात बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र शिकवणारा तरुण अध्यापक आहे. वर्गात सत्तरेक मुले. त्याच्या मसुद्याचा पहिला परिच्छेद मराठीत आणला तर असा होतो: ‘माझे अध्यापन विद्यार्थीकेंद्रित आहे. मी अनुभवाधारित व सहभागी अध्ययनावर भर देतो. विषय दैनंदिन जीवनाशी जोडून विद्यार्थ्यांमध्ये चिकित्सक विचार रुजवणे हे माझे ध्येय आहे. प्रत्येक विद्यार्थ्याची अध्ययनशैली वेगळी असते, म्हणून मी विविध पद्धती वापरतो.’

चारही वाक्यांखाली रेघ येते. चौथ्याची अडचण आणखी वेगळी आहे. कोणी डोळ्यांनी शिकतो, कोणी कानांनी, आणि त्या शैलीप्रमाणे शिकवले तर फळ जास्त मिळते, या समजुतीला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष हॅरोल्ड पॅशलर व सहकाऱ्यांनी 2008 साली उपलब्ध संशोधन तपासून काढला. निवड समितीत मानसशास्त्राचा कोणी जाणकार असेल तर हे वाक्य नुसते पोकळ राहत नाही, उमेदवाराच्या विरोधात जाते. ते काढावेच.

दुसरी फेरी तोंडी असते. परीक्षकाने मसुदा बाजूला ठेवून विचारावे: गेल्या सत्रातला असा एखादा तास सांगा, की ज्यात मुलांनी तुम्हाला अपेक्षित नव्हते ते उत्तर दिले. इथे भाषेचा मुद्दा येतो. निवेदन इंग्रजीत लिहायचे असते, पण वर्ग इंग्रजीत घडलेला नसतो. फळ्यावर इंग्रजी, समजावणे मराठी-हिंदीत आणि मुलांची शंका ‘सर, पावसाळ्यात कूलर थंडच नाही करून राहिला’ अशी अस्सल नागपुरी. लेखक इंग्रजीत आठवायला बसला की त्याला अहवालाची वाक्ये आठवतात. मराठीत सांगायला लावले की तास आठवतो. म्हणून आधी सांगून घ्यावे, परीक्षकाने टिपून घ्यावे, भाषांतर शेवटी.

आपल्या अध्यापकाला कूलरचाच तास आठवला. पुढच्या मसुद्यात त्याने लिहिले, ‘बाष्पीभवनाची संकल्पना मी नागपूरच्या उन्हाळ्यातील कूलरच्या उदाहरणाने स्पष्ट करतो.’ बहुतेक परीक्षक इथे समाधान मानतात, आणि तीच चूक असते. कूलर ही ठोस वस्तू आहे, पण हे वाक्य अजून ठोस नाही. त्यात अध्यापक आहे, कूलर आहे, वर्ग नाही. ओळखायची खूण सोपी आहे: विद्यार्थी हा एकाही क्रियापदाचा कर्ता नाही. मुलांनी काय म्हटले, काय लिहिले, कुठे अडली, यातले काहीच कळत नाही. अशा वाक्याला नकली उदाहरण म्हणावे. पोकळ वाक्यापेक्षा ते फसवे, कारण रेघ मारणाऱ्याच्या हातून निसटते.

तिसऱ्या फेरीचे प्रश्न म्हणूनच मुलांबद्दलचे असतात. समजावण्याआधी तुम्ही मुलांना काय विचारले? त्यांनी काय उत्तर दिले? त्या उत्तरामुळे तुम्ही काय बदलले? उत्तरे हळूहळू निघाली. त्याने तास सुरू होताच चिठ्ठ्या वाटल्या होत्या आणि दोन ओळींत कारण मागितले होते: एप्रिलमध्ये गार करणारा कूलर ऑगस्टमध्ये नुसता चिकचिकाट का करतो? बऱ्याच चिठ्ठ्यांत एकच समजूत होती, की कूलर हवा गार करतो ती टाकीतल्या थंड पाण्यामुळे. एकाने उपायही लिहिला होता, टाकीत बर्फ टाकायचा. घरोघरी तसे करतातही.

मग त्याने दोन तापमापक घेतले, एकाच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळली आणि मुलांकडून वाचन घेतले. ऑगस्टच्या त्या दिवशी कोरडा तापमापक 30 अंश सेल्सिअस आणि ओला 27 दाखवत होता. एप्रिलमध्ये त्याने स्वतः घेतलेले वाचन 41 आणि 23 होते. कूलरमधून येणारी हवा ओल्या तापमापकाच्या आकड्याखाली उतरू शकत नाही, प्रत्यक्षात ती त्याच्या थोडी वरच राहते. म्हणजे एप्रिलमध्ये अठरा अंशांचा वाव होता, ऑगस्टमध्ये तीनच अंशांचा. बर्फवाल्या मुलाला त्याने हिशेब करायला बसवले: एक किलो बर्फ वितळायला सुमारे 334 किलोज्यूल लागतात, तर एक लिटर पाण्याची वाफ व्हायला 2,400 किलोज्यूलच्या आसपास. बर्फ टाकल्याने येतो त्यापेक्षा जास्त गारवा खसच्या ताटीतून पाणी उडून गेल्याने येतो, हे त्या मुलाने स्वतःच फळ्यावर मांडले.

इथपर्यंत तास चांगला वठला, पण परीक्षकाने तिसरा प्रश्न सोडू नये. काय बदलले? अध्यापकाने थोडे ओशाळून सांगितले, की सत्राच्या शेवटी तोंडी परीक्षेत निम्म्या मुलांनी पुन्हा ‘थंड पाण्यामुळे’ असेच सांगितले. गणित येत होते, समजूत जुनीच होती. पुढच्या वर्षी त्याने चिंधी मुद्दाम कोमट पाण्यात भिजवली. कोमट पाण्याने भिजवलेला तापमापकही थोड्या वेळाने खोलीच्या तापमानाखाली उतरतो हे पाहिल्यावर थंड पाण्याचा मुद्दा मुलांच्या डोक्यातून हलू लागला. मसुद्यात हा भाग त्याने लिहिलाच नव्हता, कारण त्याला ते अपयश वाटत होते. निवेदनातली सगळ्यात मोलाची चार वाक्ये हीच आहेत. अध्यापक आपल्या शिकवण्याकडे पाहतो की नाही, हे समितीला दुसरीकडून कुठूनच कळत नाही.

यानंतर एक गोष्ट घडते, जी नवख्या परीक्षकाच्या लक्षात येत नाही. उदाहरण नीट लिहून झाले की वरचे तत्त्व त्याच्याशी जुळेनासे होते. या अध्यापकाच्या वर्गात जे होते ते ‘सहभागी अध्ययन’ या शब्दात बसत नाही. तो मुलांना आधी अंदाज लेखी द्यायला लावतो आणि तो हातात आल्याशिवाय समजावत नाही. ही त्याची खरी भूमिका. तेव्हा पहिला परिच्छेद पुन्हा लिहायला लागतो, आणि या वेळी एकच वाक्य पुरते: ‘विद्यार्थ्याने आपला अंदाज लिहून दिल्याशिवाय मी स्पष्टीकरण सुरू करत नाही, कारण न विचारलेली चुकीची समजूत बरोबर उत्तरासोबत तशीच टिकून राहते.’ याखाली रेघ मारता येत नाही. मारली तरी लगेच खाली पुरावा आहे. उदाहरण तत्त्वाला शोभा म्हणून चिकटवायचे नसते, तत्त्वच उदाहरणातून काढायचे असते. उलट क्रमाने गेलेले निवेदन वाचताना शिवण दिसते.

शब्दांवरच दात ठेवण्याचेही कारण नाही. सत्र चालू असताना शिकवणे सुधारण्यासाठी घेतलेल्या चाचणीला शिक्षणशास्त्रात ‘फॉर्मेटिव्ह असेसमेंट’ असे नेमके नाव आहे. वरच्या चिठ्ठ्या म्हणजे तेच. चिठ्ठ्यांचे वर्णन आल्यानंतर हा शब्द एकदा वापरला तर वाचक मान डोलावतो. वर्णनाआधी वापरला तर पुढे सरकतो.

उदाहरण खरे आहे का, हेही परीक्षकाने पाहावे. ‘निम्म्या मुलांनी’ असे लिहिले असेल तर मोजले होते का? मोजले नसेल तर ‘बऱ्याच’ लिहावे. चिठ्ठ्या, प्रश्नपत्रिका, फळ्याचा फोटो यातले काही हाताशी असले तर उत्तम, कारण मुलाखतीत ‘त्या तासाबद्दल आणखी सांगा’ हा प्रश्न हमखास येतो. परीक्षकाने स्वतःच्या वर्गातला सुंदर प्रसंग देऊ करणे हा मोह टाळावा. उसना प्रसंग दुसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो. मुलांची नावे कधीही नकोत, आणि सत्तरच्या वर्गात एकच जण ओळखू येईल असे वर्णनही नको.

दोन पानांत असा एक प्रसंग सविस्तर आणि दुसरा थोडक्यात, एवढेच मावते. पाच प्रसंग कोंबले की प्रत्येकाचे पुन्हा ‘कूलरच्या उदाहरणाने स्पष्ट करतो’ होते. ज्याने अजून वर्ग घेतलेलाच नाही अशा पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने ‘मी असे करीन’ लिहिण्यापेक्षा प्रयोगशाळेत कनिष्ठांना उपकरण लावायला शिकवताना काय घडले ते लिहावे. साहित्य किंवा कायद्याच्या अध्यापकाकडे आकडे नसतात. तिथे एका कवितेच्या एका ओळीवर वर्गात पडलेले दोन अर्थ आणि त्यांचे अध्यापकाने पुढे काय केले, हे तापमापकाच्या आकड्यांच्या जागी चालते.

अखेरचे वाचन दुसऱ्या विषयाच्या माणसाकडून करून घेतात. भौतिकशास्त्राचे निवेदन इतिहासाच्या बाईंनी वाचून ‘मुलांना काय वाटत होते आणि मग काय झाले’ हे मसुदा न बघता दोन वाक्यांत सांगितले, तर परीक्षण झाले. त्यांना फक्त ‘हे सर प्रात्यक्षिकावर भर देतात’ एवढेच आठवले, तर मसुदा तिसऱ्या फेरीकडे परत जातो.