कर पुढे ढकलणे आणि करोत्तर परतावा

बँकेच्या मुदत ठेवीवरचे व्याज दरवर्षी ठेवीदाराच्या उत्पन्नात धरले जाते. म्युच्युअल फंडाच्या, नफा न वाटता आतच ठेवणाऱ्या ग्रोथ पर्यायातली वाढ मात्र युनिट विकेपर्यंत करपात्र होत नाही. दुसऱ्या प्रकाराला कर पुढे ढकलणे म्हणतात, आणि कर वजा जाता हाती उरणाऱ्या वाढीच्या वार्षिक दराला करोत्तर परतावा. करपूर्व परतावा तोच, कराचा दरही तोच, तरी या दोन मार्गांनी शेवटी हाती येणारी रक्कम वेगळी असते. हा फरक कुठून येतो, किती असतो आणि केव्हा उलटा पडतो, हे पुढे एका उदाहरणावरून मांडले आहे.

उदाहरण

दादरला राहणारी एक पगारदार व्यक्ती प्राप्तिकराच्या ३० टक्क्यांच्या टप्प्यात आहे. उपकर धरून तिचा दर ३१.२ टक्के होतो. अधिभाराचा विचार इथे केलेला नाही. तिच्याकडे ₹१० लाख आहेत आणि मुदत १५ वर्षांची. एक रक्कम ७ टक्क्यांच्या ठेवीत ठेवली, आणि तेवढीच रक्कम खर्च वजा जाता ७ टक्केच देणाऱ्या डेट फंडात, म्हणजे रोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या फंडात ठेवली, असे समजू. हिशेब सोपा राहावा म्हणून ठेवीवरही वार्षिक चक्रवाढ धरली आहे. प्रत्यक्षात बँका बहुधा तिमाही चक्रवाढ देतात.

१ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या डेट फंडाच्या नफ्यावर, कितीही वर्षे ठेवला तरी, टप्प्याच्या दरानेच कर लागतो. त्यामुळे या तुलनेत दोन्हीकडे दर ३१.२ टक्केच आहे आणि फरक फक्त कर भरण्याच्या वेळेचा आहे.

ठेवीवर दरवर्षी कर गेला की ७ टक्क्यांचे ४.८२ टक्के उरतात आणि १५ वर्षांनी ₹२०.२५ लाख होतात. फंडात रक्कम आधी ₹२७.५९ लाखांपर्यंत वाढते, मग ₹१७.५९ लाखांच्या नफ्यावर एकदाच कर जातो आणि ₹२२.१० लाख हाती येतात. वार्षिक दराने बोलायचे तर ५.४३ टक्के. नुसत्या वेळेचा फायदा ₹१.८५ लाख.

हेच पाच वर्षांपुरते केले तर फायदा जेमतेम ₹१२ हजार निघतो, आणि ३० वर्षांचे केले तर ठेवीचे ₹४१ लाख, फंडाचे ₹५५.४९ लाख. पहिल्या वर्षाअखेर फरक शून्य असतो. कमी मुदतीच्या पैशासाठी या कारणावरून साधन बदलण्यात फारसा अर्थ नाही.

फायदा नेमका कुठून येतो

सरकारने बिनव्याजी कर्ज दिले, असे याचे वर्णन सर्रास केले जाते. ते अर्धेच खरे आहे. पहिल्या वर्षाचे व्याज घेऊ: ₹७०,०००. ठेवीत त्यातले ₹२१,८४० करात जातात आणि ₹४८,१६० उरतात. फंडात पूर्ण ₹७०,००० पुढची १४ वर्षे ७ टक्क्यांनी वाढतात आणि ₹१,८०,४९७ होतात. त्यावर शेवटी ३१.२ टक्के म्हणजे ₹५६,३१५ कर जातो. आता न भरलेले ₹२१,८४० याच दराने १४ वर्षांत किती झाले असते? बरोबर ₹५६,३१५. म्हणजे सरकारने आपला वाटा वाढीसकट वसूल केला. कर्ज फुकट नव्हते.

फायदा उरलेल्या भागात आहे. कर गेल्यावर हाती राहतात ₹१,२४,१८२. हे म्हणजे ₹४८,१६० पूर्ण ७ टक्क्यांनी वाढल्यासारखे झाले. ठेवीत तेच ₹४८,१६० दरवर्षी कर कापून ४.८२ टक्क्यांनी वाढतात आणि ₹९३,०४१ वर थांबतात. थोडक्यात, मुद्दलावरच्या परताव्यावर दोन्हीकडे सारखाच कर बसतो. परताव्यावरचा परतावा फंडात करातून सुटल्यासारखा होतो. पाच वर्षांत व्याजावरचे व्याज फारसे साठतच नाही, म्हणून तिथे फायदा दिसत नाही.

दराचा फायदा वेगळा मोजावा

जाहिरातींत आणि सल्लागारांच्या तक्त्यांत ठेवीसमोर बहुधा शेअरमध्ये गुंतवणारा इक्विटी फंड मांडलेला असतो. इक्विटी फंड बारा महिन्यांहून अधिक ठेवला तर, २३ जुलै २०२४ पासून, वर्षाला ₹१.२५ लाखांवरच्या नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो. उपकर धरून १३. वरच्याच उदाहरणात ७ टक्के परतावा ठेवून दर १३ टक्के धरला आणि सूट बाजूला ठेवली, तर हाती ₹२५.३० लाख येतात. ठेवीपेक्षा ₹५.०५ लाख जास्त. पण यातले ₹१.८५ लाखच कर पुढे ढकलल्याचे आहेत, ₹३.२० लाख दर कमी असल्याचे आहेत, आणि कमी दराच्या बदल्यात बाजाराची चढउतार अंगावर घ्यावी लागते. दोन्ही फायदे एकत्र करून सगळे श्रेय चक्रवाढीला देणे ही या विषयातली नेहमीची गल्लत आहे.

फायदा कसा निसटतो

पहिले कारण खर्च. १५ वर्षांच्या उदाहरणात फंडाने ७ ऐवजी ६.२७ टक्के दिले तरी तो ७ टक्क्यांच्या ठेवीशी बरोबरी करतो. म्हणजे पाऊण टक्क्याच्या आसपास मोकळीक मिळते. पाच वर्षांच्या मुदतीत हीच मोकळीक सुमारे पाव टक्का असते. वितरकामार्फत घेतलेल्या रेग्युलर योजनेचा जास्तीचा खर्च तेवढा असला, तरी सगळा फायदा तिथेच संपतो. शिवाय डेट फंडाच्या परताव्याची हमी नाही, तर बँक ठेवीला प्रत्येक बँकेत ₹५ लाखांपर्यंत विमा आहे.

दुसरे कारण मध्येच केलेली हालचाल. एका योजनेतून दुसरीत स्विच करणे, रेग्युलरमधून वितरकाशिवाय घेतल्या जाणाऱ्या डायरेक्टमध्ये जाणे, एसटीपी म्हणजे एका योजनेतून दुसरीत ठरावीक हप्त्यांनी पैसे वळवणे, हे सगळे कायद्याच्या नजरेत विक्री आणि नवी खरेदी असते. पैसा बँक खात्यात आलेला नसला तरी त्या तारखेला नफा करपात्र होतो. लाभांश वाटणारा पर्याय निवडला तर १ एप्रिल २०२० पासून लाभांशावर गुंतवणूकदाराच्या टप्प्याने कर लागतो, म्हणजे फंड असूनही कराच्या बाबतीत तो ठेवीसारखाच झाला. फंडाच्या व्यवस्थापकाने आत रोखे किंवा शेअर विकले तर मात्र गुंतवणूकदाराला काहीच लागत नाही. तीच उलाढाल स्वतःच्या डीमॅट खात्यात करणाऱ्याला प्रत्येक विक्रीवर कर मोजावा लागतो.

तिसरे कारण कायदा. कर पुढे ढकलणारा आजचा नव्हे, विक्रीच्या दिवशीचा दर मान्य करत असतो. डेट फंडांना पूर्वी महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून मिळत असे. ती सोय २०२३ मध्ये नव्या खरेदीसाठी गेली आणि २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीसाठी जुन्या युनिटांवरूनही गेली. तेव्हा आधीपासून धरून बसलेल्यांना नव्याच नियमाने विकावे लागले. इक्विटीवर २०१८ मध्ये कर परत आला तेव्हा ३१ जानेवारी २०१८ पर्यंतची वाढ सोडून दिली होती. २०२४ मध्ये १० चे १२.५ टक्के झाले तेव्हा तशी सूट दिली नाही.

ठेवीच्या पावतीवरचा आकडा

संचयी ठेवीत व्याज हाती येत नाही, म्हणून कर मुदतपूर्तीला भरायचा असतो असा समज मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत पक्का आहे. बँक मात्र दर आर्थिक वर्षाचे साठलेले व्याज नोंदवते आणि ते वर्षाला ₹५०,००० च्या, ज्येष्ठांसाठी ₹१ लाखाच्या वर गेले की १० टक्के टीडीएस कापते. ही कपात अनेकदा ठेवीतूनच होते, त्यामुळे मुदत संपल्यावर पावतीवर छापलेल्या रकमेपेक्षा कमी पैसे मिळतात.

३१.२ टक्क्यांच्या करदात्याला उरलेले २१.२ टक्के स्वतः भरायचे असतात, आणि ते बहुधा पगारातून जातात. ठेव मग पूर्ण ७ टक्क्यांनी वाढताना दिसते. तुलना करताना पावतीवरचा आकडा फंडाच्या करोत्तर रकमेसमोर ठेवला तर ठेव जिंकते, कारण बाहेरून भरलेला कर हिशेबात आलेलाच नसतो. व्याज दरवर्षी विवरणपत्रात दाखवले आहे का, हे वार्षिक माहिती विवरणाशी म्हणजे एआयएसशी ताडून पाहता येते. सगळे व्याज शेवटच्या वर्षी दाखवले तर आधीच्या वर्षांच्या टीडीएसची वजावट अडकते आणि त्या वर्षाचा टप्पाही वर चढतो.

केव्हा उलटे पडते

मुलुंडमधल्या एका निवृत्त व्यक्तीचे इतर करपात्र उत्पन्न वर्षाला ₹८ लाख आहे. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत ₹१२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. वरच्याच ₹१० लाखांच्या ठेवीचे व्याज पहिल्या वर्षी ₹७०,००० आणि पंधराव्या वर्षी सुमारे ₹१.८ लाख येईल. एकूण उत्पन्न कधीच ₹१२ लाखांवर जात नाही, म्हणून १५ वर्षे या व्याजावर काहीच कर नाही. तीच रक्कम डेट फंडात ठेवून एकदम काढली, तर त्या एका वर्षात उत्पन्न ₹२५.५९ लाख होते आणि याच टप्प्यांनी सुमारे ₹३.६२ लाख कर बसतो.

इथे उपाय थोडेथोडे काढण्याचा आहे. काढलेल्या प्रत्येक रकमेत नफ्याचा भाग तेवढाच करपात्र असतो आणि आधी घेतलेली युनिटे आधी विकली असे धरले जाते. वर्षाचा नफा आणि इतर उत्पन्न मिळून ₹१२ लाखांच्या आत राहील एवढीच युनिटे मार्चअखेरपर्यंत विकली, पुढची एप्रिलपासून, तर कर टळतो. ही सवलत इक्विटीच्या १२.५ टक्क्यांच्या नफ्याला लागू नाही; तिथे आधार ₹१.२५ लाखांच्या वार्षिक सुटीचाच.

याच कारणाने नोकरीत असताना ३० टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्याने पैसा फंडात ठेवून निवृत्तीनंतर हप्त्याहप्त्याने काढला, तर वेळेचा आणि दराचा असे दोन्ही फायदे मिळतात. युनिटधारक मध्येच वारला तर युनिटे वारसाच्या नावावर होताना कर लागत नाही, पण खरेदी किंमत मूळ धारकाचीच राहते. पुढे विकताना पूर्ण नफ्यावरचा कर वारसाने, त्याच्या स्वतःच्या टप्प्याने भरायचा असतो.