जोडीदाराच्या प्रतारणेचे स्वप्न

नवरा, बायको किंवा प्रियकर-प्रेयसी दुसऱ्या कुणात तरी गुंतली आहे असे झोपेत दिसणे, आणि जागेपणी मात्र तसा संशय घ्यायला काडीचाही आधार नसणे, असा हा अनुभव आहे. सुखी संसारातही तो येतो. या नोंदीत मुख्यतः दोन गोष्टी पाहायच्या आहेत: हे स्वप्न इतके खरे का वाटते, आणि त्याचा खरा त्रास स्वप्नात नसून दुसऱ्या दिवशी कसा होतो.

‘पहाटेचे स्वप्न खरे होते’ ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. पहाटेची स्वप्ने ठळक असतात आणि लक्षात राहतात, इतके खरेच आहे, पण त्याचे कारण झोपेच्या रचनेत आहे. 1953 साली शिकागो विद्यापीठात असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेतील डोळ्यांच्या जलद हालचालींचा टप्पा नोंदवला. हा टप्पा, म्हणजे रेम झोप, साधारण दर दीड तासाने येतो आणि रात्र सरत जाते तसा लांबत जातो. त्यामुळे सर्वांत लांब स्वप्ने पहाटे पडतात आणि त्यातूनच जाग येत असल्याने ती आठवतात. या टप्प्यात मेंदूतील भीती आणि इतर भावनांशी निगडित भाग जोरात चालतात, तर ‘हे शक्य आहे का?’ असे तपासणारा कपाळामागचा काही भाग मंदावतो. म्हणून दुःख खरे असते आणि त्याला कारण झालेली घटना मात्र घडलेलीच नसते.

आपल्या वैद्यकपरंपरेनेही पहाटेच्या भाकितांना सरसकट मान दिलेला नाही. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. यांतील पहिले पाच, म्हणजे पाहिलेले, ऐकलेले, अनुभवलेले, इच्छिलेले आणि कल्पिलेले, निष्फळ समजावेत असे वैद्याला स्पष्ट सांगितले आहे. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हणही त्याच बाजूची. फक्त मनी काय वसले आहे हे ओळखायला ती मदत करत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे.

नमुन्यादाखल एक प्रसंग घेऊ. कोपरखैरण्यात राहणारी एकतिसाची बाई. मूल झाल्यावर तिने नोकरी सोडली. नवरा ट्रान्स-हार्बर मार्गाच्या लोकलने ठाण्याला जातो, रात्री नऊपर्यंत घरी येतो. तिला स्वप्न पडते: ठाणे स्टेशनात ती फलाटावर उभी आहे, नवरा गाडीत आहे आणि त्याच्या शेजारी पाठमोरी एक बाई आहे. ही हाक मारते. तो वळून पाहतो, पण ओळख न दाखवता पुन्हा त्या बाईशी बोलू लागतो. गाडी सुटते. पाच वाजता जाग येते तेव्हा नवरा शेजारी घोरत असतो आणि हिला त्याचा संताप आलेला असतो. सकाळी डबा ओट्यावर आपटला जातो. ‘काय झालं?’ ‘काही नाही.’ संध्याकाळी फोनवर त्याचे ‘लास्ट सीन’ तपासले जाते. रात्री तो हात पुढे करतो तेव्हा ही कूस बदलते.

अशा स्वप्नात साऱ्यांचे लक्ष त्या परक्या बाईकडे जाते. तिला तर चेहराही नव्हता. स्वप्न बारकाईने पाहायचे तर कळ नेमकी कुठे आली ते आधी विचारावे. या बाईला सर्वांत जास्त लागले ते तो पाहूनही ओळख दाखवत नाही ते. मग दुसरा प्रश्न: गेल्या आठवड्यात असेच कधी वाटले होते का? स्वप्नात आदल्या दिवसाचे अवशेष येतात, तसेच पाच-सात दिवसांपूर्वीचेही येतात, म्हणून फक्त कालचा दिवस पाहून भागत नाही. तिला आठवते: सोसायटीच्या हळदीकुंकवाला एका ओळखीच्या बाईने ‘तुम्ही काय करता?’ असे विचारले, आणि ती उत्तर देणार तोच न्यायला आलेला नवरा सहज म्हणाला, ‘ही घरीच असते.’ तेवढेच. भांडण झाले नाही, बोलणे झाले नाही, ती स्वतःही विसरली होती.

हाच एकमेव अर्थ, असे कुणीही छातीठोकपणे सांगू नये. स्वप्नकोशातल्या ‘हे दिसले म्हणजे ते’ छापाच्या याद्यांना अभ्यासाचा आधार नाही. पण जागेपणाची काळजी स्वप्नात चालू राहते, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅल्व्हिन हॉल यांच्या स्वप्नसंग्रहांपासून पुन्हा पुन्हा दिसले आहे. असुरक्षितता इथे बहुधा जोडीदाराविषयी नसून स्वतःच्या जागेविषयी बोलत असते: मी याला पुरेशी आहे का, माझ्यावाचून याचे अडते का? बाळंतपण, नोकरी जाणे, बदलीमुळे लांब राहणे अशा वळणांवर हा प्रश्न डोके वर काढतो. आधी कुणाकडून फसगत झाली असेल किंवा लहानपणी आईवडिलांच्या संसारात ते पाहिले असेल, तर जुनेच दुःख नव्या माणसाच्या चेहऱ्याने येते.

दुसऱ्या दिवसाबद्दल डिलन सेल्टरमन आणि सहकाऱ्यांचा 2014 साली प्रसिद्ध झालेला अमेरिकी अभ्यास उपयोगी आहे. त्यात तरुण-तरुणींनी दोन आठवडे स्वप्नांची आणि नात्यातल्या वागण्याची रोज नोंद ठेवली. प्रतारणेच्या स्वप्नानंतरच्या दिवसांत जवळीक कमी झालेली आढळली. अभ्यास छोटा आणि विद्यार्थ्यांपुरता आहे, पण वरच्या प्रसंगातला आपटलेला डबा त्याने नीट समजतो. नवऱ्याला अबोल्याचे कारण कळत नाही, तोही अंतर ठेवतो, आणि ते अंतर मग स्वप्नाचा पुरावा वाटू लागते.

म्हणून सांगायचे असेल तर आरोपापासून सुरुवात करू नये. ‘स्वप्नात तू काय केलंस माहितीये?’ असे म्हटले की समोरचा न केलेल्या गुन्ह्याची सफाई देत बसतो. ‘त्या दिवशी तू माझ्याऐवजी उत्तर दिलंस ना, ते मला लागलं’ यावर मात्र बोलता येते. फोन तपासून मिळणारा दिलासा तासाभराचा असतो आणि पुढच्या वेळी जास्त तपासावे लागते.

खऱ्या शंकेपासून हे वेगळे कसे करावे? स्वप्न बाजूला काढून पाहावे. ते नसते तरी न जुळणाऱ्या वेळा, लपवलेले खर्च, बदललेले वागणे खटकलेच असते का? असेल, तर त्या गोष्टींबद्दल विचारावे, स्वप्नाची साक्ष काढू नये.

तेच स्वप्न वारंवार पडून झोप मोडत असेल तर त्यावर एक साधा उपचार आहे. दिवसा स्वप्न लिहून काढायचे, त्याचा शेवट हवा तसा बदलायचा आणि रोज दहा-वीस मिनिटे नवे रूप मनात घोळवायचे. अमेरिकी निद्रातज्ज्ञ बॅरी क्राको यांनी ही पद्धत दुःस्वप्नांसाठी रूढ केली. नैराश्यावरील काही गोळ्या किंवा रक्तदाबावरील बीटा-ब्लॉकर सुरू केल्यावर, तसेच रोजची दारू अचानक सोडल्यावर स्वप्ने भडक होतात, हेही डॉक्टरांना सांगावे. गोळी स्वतःहून बंद करू नये.

संशय जागेपणीही हटत नसेल, कितीही खुलासा झाला तरी पटत नसेल, पाठलाग किंवा मारहाण सुरू झाली असेल, तर तो स्वप्नाचा विषय राहत नाही. मानसोपचारात त्याला संशयाचा भ्रम मानून उपचार करतात. दीर्घकाळच्या दारूच्या व्यसनात तो विशेष आढळतो. ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहे, 1990 पासून चालणारी आय.पी.एच. ही संस्था समुपदेशन करते, आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीत बोलता येते.