मोलस्कम: मुलांच्या अंगावरचे खळीवाले दाणे आणि डॉक्टर "राहू द्या" का म्हणतात

आंघोळ घालताना मुलाच्या काखेत किंवा गुडघ्याच्या मागच्या घडीत तीन-चार दाणे दिसतात, त्वचेच्याच रंगाचे, मोत्यासारखे चकचकीत, आणि उजेडात धरून बघितलं तर प्रत्येकाच्या मधोमध बेंबीसारखा बारीक खळगा. दुखत नाही, ताप नाही, मूल मजेत खेळतंय. डॉक्टर एक नजर टाकतात आणि म्हणतात मोलस्कम आहे, राहू द्या, आपोआप जातील. आपण घरी येतो ते अस्वस्थच, कारण दाणे तर वाढतायत आणि हातात औषध म्हणून काही नाही. बऱ्याच आईवडिलांना वाटतं की डॉक्टरांनी टाळलं आपल्याला. म्हणून हे "राहू द्या" नेमकं कुठून आलं ते जरा मागे जाऊन सांगते.

या आजाराचं वर्णन करून त्याला मोलस्कम कंटॅजिओसम हे नाव दिलं ते थॉमस बेटमन या इंग्रज त्वचारोगतज्ज्ञानं, 1817 मध्ये. मोलस्कम म्हणजे मऊ, आणि कंटॅजिओसम म्हणजे एकाकडून दुसऱ्याला लागणारा. म्हणजे हे पसरतं एवढं तेव्हाच लक्षात आलं होतं, पण पसरवतं कोण हे कोणालाच माहीत नव्हतं. दाणा दाबला की मधल्या खळग्यातून पांढरा, घट्ट, पनीरच्या कणासारखा गर बाहेर येतो. 1841 मध्ये हेंडरसन आणि पॅटरसन या दोघांनी तो गर मायक्रोस्कोपखाली बघितला आणि त्यांना पेशींच्या आत मोठेमोठे गोळे दिसले. आजही त्या गोळ्यांना त्या दोघांचंच नाव आहे. पुढची कित्येक वर्षं भांडण चाललं, कोणी म्हणे हे परजीवी आहेत, कोणी म्हणे त्वचेच्याच बिघडलेल्या पेशी आहेत. मग 1905 मध्ये युलिउसबर्ग नावाच्या संशोधकानं तो गर इतक्या बारीक फिल्टरमधून गाळला की बॅक्टेरिया त्यातून जाणारच नाहीत, आणि तरीही त्या गाळलेल्या द्रवानं माणसाला दाणा उठला. म्हणजे हा व्हायरस, आणि ते गोळे म्हणजे पेशीत खचाखच भरलेले व्हायरसच.

पुढे कळलं की हा पॉक्सव्हायरस आहे, म्हणजे देवीच्या व्हायरसचा नातेवाईक. हे वाचून घाबरायला होतं, मलाही झालं होतं, पण दोघांच्या स्वभावात जमीन-अस्मानाचा फरक आहे. देवीचा व्हायरस रक्तात उतरून अख्ख्या शरीरात जायचा. मोलस्कम त्वचेच्या अगदी वरच्या थरातच राहतो, जिथे रक्तवाहिन्या पोचतच नाहीत, आणि तिथून खाली उतरत नाही. देवी 1980 मध्ये जगातून गेली असं जाहीर झालं आणि त्यानंतर फक्त माणसातच राहणारा असा पॉक्सव्हायरस हा एकच उरला.

आता मला जो भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो. हा व्हायरस लॅबमध्ये नीट वाढवताच येत नाही, त्यामुळे त्याचा अभ्यास फार रखडला होता, पण 1996 मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी त्याचा पूर्ण जीनोम वाचला आणि बरंच कोडं सुटलं. देवीच्या व्हायरसकडे असलेली बरीच जीन्स याच्याकडे नाहीत, उलट स्वतःची वेगळी जीन्स आहेत आणि त्यातली बरीचशी शरीराच्या संरक्षण यंत्रणेला गप्प ठेवण्यासाठीच असावीत असं दिसतं. त्यातलं एक प्रोटीन शरीराचा धोक्याचा इशारा देणारा एक रेणू वाटेतच पकडून ठेवतं, दुसरं एक प्रोटीन व्हायरस लागलेली पेशी लवकर मरू देत नाही. त्यामुळे मोलस्कमचा शांत दाणा मायक्रोस्कोपखाली बघितला तर आजूबाजूला सूज जवळपास नसतेच, शरीराला पत्ताच लागलेला नसतो. म्हणून तो दुखत नाही, म्हणूनच तो महिनोनमहिने टिकतो, आणि म्हणूनच बरं होणं सगळं एका गोष्टीवर येऊन थांबतं, की शरीराला कधीतरी जाग यायला हवी.

ती जाग येते कशी? असं मानतात की कधीतरी दाण्याची भिंत फुटते, खाजवल्यानं किंवा आपोआप, आतला ऐवज त्वचेच्या खालच्या थरात सांडतो आणि तिथे संरक्षण करणाऱ्या पेशींना तो पहिल्यांदा भेटतो. मग मात्र काही दिवसांत दाणा लालभडक होतो, सुजतो, कधी पू झाल्यासारखा दिसतो. बघणाऱ्याला वाटतं की आता इन्फेक्शन झालं, बिघडलं. पण खरं तर बहुतेक वेळा हेच बरं होण्याचं चिन्ह असतं. 2013 मध्ये अमेरिकेतल्या बालत्वचारोगतज्ज्ञांनी याला नावच दिलं, मराठीत सांगायचं तर "शेवटाची सुरुवात".

आमच्या नात्यातल्या एका चार वर्षांच्या मुलीचं उदाहरण सांगते. पहिल्या महिन्यात उजव्या काखेत तीन दाणे. तिला तिथे थोडा एक्झिमा होता, त्यामुळे खाज सुटायची आणि ती खाजवायची, आणि खाजवलेल्या रेघेवर दाणे अगदी ओळीनं उठायचे, म्हणजे नखांनी व्हायरस पुढे पेरला जात होता. चौथ्या महिन्यात तिच्या आईनं मोजले तर सव्वीस. तोवर दाणे काढण्यासाठी काहीच केलं नव्हतं, फक्त एक्झिमाचं मलम आणि मॉइश्चरायझर नीट चालू केलं, त्यानं खाज कमी झाली आणि नवे दाणे उठायचा वेग मंदावला. सातव्या महिन्यात एका आठवड्यात पाच-सहा दाणे लाल होऊन फुगले. एका डॉक्टरांनी बघताक्षणी अँटिबायोटिक लिहून दिलं. आईनं दुसऱ्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले दोन दिवस थांबू, ताप आला, लाली दाण्याच्या बाहेर पसरत गेली, हात लावला तरी मूल रडायला लागलं तर लगेच या. त्यातलं काहीही झालं नाही. लाल झालेले दाणे दहा-बारा दिवसांत खपली धरून गेले, आणि गंमत म्हणजे ज्यांना काहीच झालं नव्हतं ते लांबचे बहुतेक दाणेही पुढच्या दीड-दोन महिन्यांत विरत गेले, कारण शरीर एकदा ओळखायला शिकलं की सगळीकडे ओळखतं.

मग प्रश्न उरतो की औषध का नाही देत. प्रयत्न भरपूर झाले. इमिक्विमॉड नावाचं क्रीम त्वचेतली प्रतिकारशक्ती जागी करतं, त्यामुळे कागदावर ते या आजाराला अगदी फिट बसतं, आणि बरीच वर्षं डॉक्टर ते मुलांना देतही होते. पण मुलांवरच्या दोन मोठ्या ट्रायल्समध्ये, ज्यात मिळून सातशेच्या आसपास मुलं होती, ते साध्या क्रीमपेक्षा काही चांगलं ठरलं नाही, वर त्वचा लाल होणं, आग होणं हे होतंच. 2017 मध्ये कॉक्रेन या उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेनं 22 ट्रायल्स एकत्र तपासल्या आणि निष्कर्ष असा निघाला की कुठलाही एक उपाय खात्रीनं चांगला आहे असं म्हणता येत नाही. याचं एक कारण असं की नकली औषध मिळालेल्या गटातलीही बरीच मुलं बरी होत होती.

आणि काढून टाकायचे म्हटलं तर? खरवडून काढता येतात, लिक्विड नायट्रोजननं गोठवता येतात. दोन्ही दुखतं. सव्वीस दाणे, म्हणजे चार वर्षांच्या मुलाला सव्वीस वेळा धरून ठेवायचं. आणि व्हायरस लागल्यापासून दाणा दिसेपर्यंत दोन आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत वेळ जातो, त्यामुळे आज दिसणारे सगळे काढले तरी न दिसणारे पुढच्या महिन्यात वर येतात, आणि मूल तोवर डॉक्टरांचं दार बघूनच रडायला लागलेलं असतं. गोठवल्यानं किंवा खरवडल्यानं कायमचा डागही राहू शकतो. "राहू द्या" हे खरं तर इथून आलंय, की उपायाचा त्रास आजाराच्या त्रासापेक्षा मोठा ठरायला लागला.

पण थांबायचं म्हणजे किती? इथे मला वाटतं डॉक्टरांनी स्पष्ट आकडे सांगायला हवेत, "काही आठवड्यांत जाईल" म्हणणं चुकीचं आहे. 2015 मध्ये ब्रिटनमधला 306 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बरं व्हायला सरासरी 13 महिने लागले, 100 पैकी 30 मुलांचे दाणे दीड वर्षानंतरही होते आणि 13 जणांचे दोन वर्षांनीही. त्याच अभ्यासात दिसलं की साधारण दहातल्या एका मुलाला याचा रोजच्या आयुष्यात खूप जास्त त्रास होत होता. म्हणजे राहू द्या हे बहुतेकांना लागू पडतं, सगळ्यांना नाही.

ज्यांना थांबणं जमत नाही त्यांच्यासाठी अलीकडे थोडी वाट उघडली आहे. कॅन्थारिडिन हे एका जातीच्या भुंग्यापासून मिळणारं, त्वचेवर फोड आणणारं द्रव्य, डॉक्टर 1950 च्या दशकापासून मोलस्कमवर वापरायचे, पण 1962 मध्ये अमेरिकेत ते मंजुरीच्या बाहेर गेलं, कारण ते परिणामकारक आहे याचा पुरावा कंपन्यांनी दिला नाही. त्यानंतर ठरलेल्या ताकदीचं, दवाखान्यातच लावायचं आणि 24 तासांनी धुवायचं असं कॅन्थारिडिन रीतसर ट्रायल्स होऊन 2023 मध्ये तिथे मंजूर झालं. दोन ट्रायल्समध्ये 12 आठवड्यांनी 46 आणि 54 टक्के मुलांचे सगळे दाणे गेले, नकली औषधावर 18 आणि 13 टक्के. म्हणजे काम करतं, पण जवळपास निम्म्या मुलांना तेवढ्यात पूर्ण फरक पडत नाही आणि फोड तर येतातच.

थांबू नये अशा जागाही आहेत. पापणीच्या कडेला दाणा असेल तर त्यातून व्हायरस डोळ्यात जाऊन डोळा लाल राहतो, तिथे डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायचंच, आणि घरी काही लावायचं नाही. मुलाची प्रतिकारशक्ती कुठल्या आजारानं किंवा औषधानं कमी असेल, किंवा दाणे खूप मोठे आणि शेकड्यानं असतील, तर ते वेगळं प्रकरण आहे. शाळा किंवा पोहणं बंद करायची गरज नसते, दाणे कपड्यानं किंवा वॉटरप्रूफ पट्टीनं झाकायचे आणि टॉवेल वेगळा ठेवायचा, एवढं पुरतं.

टॉवेलचं सांगते कारण त्या ब्रिटिश अभ्यासात ज्या घरात आणखी मुलं होती तिथे 41 टक्के घरांत ते दुसऱ्या मुलाला लागलं होतं. आमच्या त्या मुलीचे शेवटचे दोन दाणे अकराव्या महिन्यात गेले, काखेत एक बारीकसा फिका खड्डा राहिलाय, शोधला तरच दिसतो. तिच्या धाकट्या भावाच्या पोटावर आठव्या महिन्यात दोन उठले होते. या वेळी त्यांच्या आईनं ते कॅलेंडरवर लिहून ठेवले आणि पुढच्या वेळी गेल्यावर डॉक्टरांना तारीख दाखवली.